पखवाज की तबला? ध्वनिमुद्रण ऐकून कसे ओळखावे

एखादे जुने ध्वनिमुद्रण हाती येते, वेष्टणावर गायकाचे नाव असते, साथीदाराचे नसते, आणि मागे वाजणारे वाद्य पखवाज आहे की तबला, असा प्रश्न पडतो. अशा वेळी बहुतेक ऐकणारे एकाच खुणेवर विसंबतात: खर्ज खोल आणि गंभीर असेल तर पखवाज, नाहीतर तबला. ही खूण सर्वस्वी चुकीची नाही, पण एकटी पुरत नाही. तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, मोठ्या तोंडाचा, नीट उतरवलेला डग्गा चांगल्या मायक्रोफोनसमोर वाजला तर त्याचा खर्ज पखवाजाइतका खाली सहज जातो. उलट मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेला उत्तम पखवाजही पोकळ आणि हलका वाटतो. म्हणून खर्ज किती खोल आहे, यापेक्षा आघात झाल्यानंतर तो खर्ज काय करतो, हे ऐकणे अधिक उपयोगाचे ठरते. आणि त्यानंतर लक्ष द्यायचे ते उजव्या हाताकडे.

दोन्ही वाद्यांचा खर्ज डाव्या हाताखालीच निघतो, पण तो निर्माण होण्याची रीत वेगळी आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावर ताणलेल्या कातड्याला, कायमची शाई, म्हणजे काळा लेप, नसते; वादक या पुडीला धूम म्हणतात. वाजवण्यापूर्वी वादक गव्हाची कणीक पाण्यात मळून तिचा गोळा पुडीच्या मध्यभागी थापतो आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढतो. या ओल्या कणकेमुळे दोन गोष्टी घडतात. तिच्या वजनामुळे पुडीचे कंपन मंदावते आणि स्वर खाली उतरतो. स्वर आणखी उतरवायचा असेल तर कणीक वाढवायची, चढवायचा असेल तर काढायची. दुसरे म्हणजे, कणीक मऊ आणि ओलसर असल्याने मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक उपस्वर ती शोषून घेते. त्यामुळे पखवाजाच्या खर्जात झणझणाट जवळजवळ नसतो. एक रुंद, गोल, काहीसा ओलसर असा ‘घुम्’ ऐकू येतो आणि तो आपल्या जागेवर स्थिर राहतो. लांबलेल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात कणीक हळूहळू वाळत जाते, खर्ज थोडा चढतो, त्यात कोरडेपणा येतो आणि दोन रचनांच्या मध्ये वादक तिला पाण्याचे बोट लावतो. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लागोपाठ ऐकला तर हा फरक कधीकधी जाणवतो.

डग्ग्याची शाई मात्र कायमची असते आणि ती मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेली असते. ही सरकलेली जागा महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे मनगटाची टाच पुडीवर टेकवायला मोकळी लव, म्हणजे शाई आणि किनार यांमधली जागा, मिळते आणि बोटे शाईपलीकडच्या लवेवर आघात करू शकतात. आघात झाल्याबरोबर वादक टाचेचा दाब वाढवतो किंवा टाच शाईच्या दिशेने पुढे सरकवतो. तसे केल्याने पुडीचा कंप पावणारा भाग लहान आणि ताणलेला होतो व घुमत असलेला स्वर वर चढतो. सारंगीच्या तारेवरून बोट सरकत जावे, तशी ही क्रिया आहे. यालाच डग्ग्याची मींड किंवा घिस्सा म्हणतात. ‘घे’ हा बोल नुसता वाजून थांबत नाही, तर ‘घूऽउं’ असा वळतो, आणि चांगला तबलजी ठेक्यातल्या जवळपास प्रत्येक घुमाऱ्याला थोडे निराळे वळण देत असतो.

आता ध्वनिमुद्रणासाठीची पहिली कसोटी यातूनच मिळते. एक मिनिटभर फक्त खर्जाचे आघात ऐकावेत आणि आघातानंतरच्या शेपटाकडे कान द्यावा. खर्ज वारंवार वर वळत असेल, कधी अर्ध्या वाटेवर दाबून थांबवला जात असेल, कधी पुन्हा सैल सुटत असेल, तर तो डग्गा आहे. खर्ज एकाच स्वरावर उभा राहून तिथेच विरत असेल, तर पखवाजाची शक्यता मोठी आहे. पखवाज मांडीसमोर आडवा ठेवलेला असतो, डावा तळहात उघडा पडतो आणि लगेच उचलला जातो; टाच टेकवून सरकवायला तिथे सोयीची जागाच नसते, कारण मधला भाग कणकेने व्यापलेला असतो. एक सावधगिरी मात्र हवी. कोणत्याही पुडीवर जोराची थाप पडली की ती क्षणभर अधिक ताणली जाते, म्हणून सुरुवातीचा स्वर किंचित चढा असतो आणि लगेच खाली येऊन स्थिरावतो. पखवाजाच्या मोठ्या थापेत हा छोटासा उतार ऐकू येतो. त्याला मींड समजू नये: तो नेहमी वरून खालीच जातो, क्षणात संपतो आणि प्रत्येक जोरकस थापेत तसाच येतो. डग्ग्याची मींड बहुतेक वेळा खालून वर जाते आणि दर वेळी वेगळी असते.

दुसरी खूण आस, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा नाद. पखवाजाचे खोड एकच असते. दोन्ही पुड्या एकाच लांब पोकळीच्या दोन टोकांना ताणलेल्या असतात आणि आतली हवा दोघींना जोडते. उजव्या तोंडावर उघडी थाप पडली की डावी पुडी हलकेच थरथरते, आणि डावीवर ‘ग’ वाजला की उजवीच्या शाईतूनही थोडा नाद उमटतो. त्यामुळे पखवाजाच्या ‘धा’मध्ये खर्ज आणि वरचा स्वर एकाच शरीरातून निघाल्यासारखे मिसळलेले ऐकू येतात. तबला आणि डग्गा ही दोन स्वतंत्र भांडी आहेत, दोन्हींची बूड बंद, एक लाकडाचे आणि दुसरे बहुधा तांब्याचे किंवा पितळेचे. तबल्याच्या ‘धा’मध्ये किनारीचा टणत्कार आणि खालचा घुमारा एकाच क्षणी वाजत असले तरी कानाला ते दोन निरनिराळ्या जागांवरून आल्यासारखे वाटतात. हेडफोन लावून ऐकल्यास हे अधिक स्पष्ट होते. मात्र ध्वनिमुद्रकाने पखवाजाच्या दोन तोंडांना दोन मायक्रोफोन लावून त्यांना डाव्या-उजव्या बाजूला दूर ढकलले असेल, तर हीच खूण फसवी ठरते. म्हणून तिला मी दुय्यम मानतो.

उजव्या हाताची गोष्ट अधिक खात्रीची आहे, आणि तिच्यामागे थोडे ध्वनिशास्त्र आहे. साध्या, शाई नसलेल्या पुडीचे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. म्हणून ती नुसती धडधडते, स्वर देत नाही. मध्यभागी शाईचे थर चढवले की हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणात येऊन बसतात आणि पुडी स्वरात बोलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तालवाद्यांचा हा गुण अभ्यासला आणि 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. पखवाजाच्या आणि तबल्याच्या अशा दोन्ही उजव्या पुड्यांना शाई असते, त्यामुळे दोन्ही स्वरात बोलतात. फरक पडतो तो कोणता उपस्वर पुढे आणला जातो, यात.

तबल्याचा ‘ना’ घ्यावा. तर्जनी किनारीवर, म्हणजे चाटेवर, झटक्याने पडते आणि त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. त्या टेकलेल्या बोटामुळे पुडीचे सर्वांत खालचे कंपन दबते आणि वरचे उपस्वर मोकळे राहतात. म्हणून ‘ना’ टणटणीत, टोकदार आणि घंटेच्या कुळातला वाटतो. पखवाजावर मुख्य आघात बोटाच्या टोकाचा नसून हाताचा आहे. ‘ता’ला हाताचा पुढचा भाग पुडीवर पडून मोकळा होतो, ‘दिं’ला चारही बोटे एकत्र शाईवर पडतात आणि लगेच उचलली जातात, त्यामुळे खालचे कंपन दबत नाही. शिवाय पखवाजाचे उजवे तोंड सर्वसाधारण तबल्यापेक्षा मोठे असते. या सगळ्यामुळे त्याचा उजवा स्वर जाड, भरलेला आणि खालचा लागतो, आणि आघाताच्या सुरुवातीला मांसल तळव्याचा ‘थप्’ असा आवाज ऐकू येतो. तबल्यात त्या जागी ‘टण्’ असा नखासारखा तीक्ष्ण आरंभ असतो.

हीच गोष्ट बंद बोलांतही दिसते. तबल्याचा ‘तिट’ बोटांनी शाईवर वाजतो. दोन आघात लहान, कोरडे आणि नेमके असतात, आणि द्रुत लयीत ‘तिरकिट’ सुट्या दाण्यांसारखा उलगडतो. पखवाजाचा ‘तिट’ तळहाताच्या दोन भागांनी आळीपाळीने शाईवर पडतो. त्याचा आवाज रुंद आणि जड असतो. ‘धुमकिट’, ‘गदिगन’ अशा बोलसमूहांत हाताचे वजन जाणवते आणि लय वाढली तरी आघात सपाटच राहतात.

हे सगळे एका ठोस उदाहरणात पडताळून पाहता येते. चौताल आणि एकताल हे दोन्ही ताल 12 मात्रांचे आहेत. पहिला ध्रुपदाच्या साथीला पखवाजावर वाजतो, दुसरा ख्यालाच्या साथीला तबल्यावर. दोन ध्वनिमुद्रणे अशी निवडावीत, की ज्यांत मात्रेला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे एक आवर्तन सुमारे 12 सेकंदांत पूर्ण होईल. मात्रा सारख्या, लय सारखी, तरी ठेका ऐकताच दोन वेगळी चित्रे उभी राहतात.

चौतालाचा ठेका असा आहे: धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. पहिल्या दोन मात्रांवर खर्जासह दोन भरदार ‘धा’ पडतात आणि दोन्हींचा खर्ज एकाच स्वरावर उभा राहतो. तिसऱ्या मात्रेवर ‘दिं’ येतो. इथे डावा हात थांबलेला असतो, तरीही आवाज पातळ होत नाही, कारण उघड्या शाईचा खालचा स्वर मोकळा वाजतो. हे ‘दिं’ सातव्या मात्रेवर पुन्हा येते. माझ्या मते नवख्या कानासाठी चौतालातली सर्वांत सोपी खूण हीच: डावा हात गप्प असताना उजवा हात एकट्याने किती भारदस्त वाटतो, ते ऐकणे. सहाव्या मात्रेवर खर्ज पुन्हा येतो आणि नंतर चार मात्रा उघडा खर्ज जवळजवळ नसतो. शेवटी ‘गदि गन’मध्ये तो दोन्ही मात्रांच्या आरंभी वाजतो आणि आवर्तन समेकडे ढकलले जाते.

एकतालाचा ठेका: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. पहिल्याच ‘धिं’मध्ये डग्गा वळतो, तो मंद लयीत इतका लांब घुमतो, की पुढची मात्रा येईपर्यंत त्याचा स्वर चढत जाताना ऐकू येतो. ‘धागे’मधला ‘गे’ हा मींड ऐकण्याची दुसरी हक्काची जागा आहे. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर ‘तिरकिट’ येतो आणि तिथे बोटांचे कोरडे, सुटे आघात मोजता येतात. पाचव्या आणि सहाव्या मात्रांवरील ‘तू ना’ ही जोडी तर कसोटीसाठीच ठेवल्यासारखी आहे. ‘तू’ वाजवताना अनामिका उचललेली असते, म्हणून खालचा मोकळा स्वर येतो. लगेच ‘ना’ला ती टेकते आणि स्वर टणत्कारात वर उडी घेतो. एकाच पुडीतून लागोपाठ निघालेले हे दोन स्वभाव, एक मऊ आणि एक धारदार, ऐकू आले की वाद्य तबलाच आहे. पखवाजाच्या ‘दिं ता’मध्ये इतके अंतर नसते, दोन्ही स्वर जाड असतात.

एकल वादनाचे ध्वनिमुद्रण असेल तर रचनेचा प्रकारही मदत करतो. तबल्याच्या कायद्यात एक ओळ आधी खर्जासह वाजते आणि मग तीच ओळ डग्गा बंद ठेवून वाजते; भरी आणि खाली यांचा हा खेळ मिनिटोन्‌मिनिटे चालतो. पखवाजात कायद्याऐवजी परणांची, म्हणजे बांधलेल्या जोरकस बोलरचनांची, रेलचेल असते. लांब, वळणे घेत जाणारी परण मोठ्या तिहाईने, म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून, समेवर येते आणि खर्ज असा नियमाने काढून घेतला जात नाही.

ध्वनिमुद्रणाचे साधनच कानाला कसे फसवते, हेही जाणून घ्यावे लागते. या वाद्यांचा खर्ज साधारण 100 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या लहान स्पीकरला तो नीट वाजवता येत नाही. आपल्याला खर्ज ऐकल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात त्याचे वरचे उपस्वर कानावर पडत असतात. पखवाजाच्या खर्जात मुळातच उपस्वर कमी, त्यामुळे छोट्या स्पीकरवर सर्वाधिक नुकसान त्याचेच होते, आणि डग्ग्याची मींड मात्र त्यातूनही थोडीफार कळते. म्हणून असा निर्णय घेताना हेडफोन वापरावा. 1925 च्या आधीच्या तबकड्या तर भोंग्यासमोर गाऊन-वाजवून, विजेच्या मायक्रोफोनशिवाय केलेल्या होत्या. त्यांत खोल खर्ज उमटतच नसे. अशा तबकडीत खर्ज नाही म्हणून पखवाज नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही; तिथे केवळ उजव्या हाताच्या आघाताची धार ऐकून ठरवावे लागते.

कानावर पूर्ण भरवसा नसेल तर संगणकावर Audacity सारख्या मोफत प्रणालीत तो तुकडा उघडून Spectrogram दृश्य निवडता येते. खर्जाचा भाग मोठा करून पाहिल्यास पखवाजाचा आघात खालच्या बाजूला जवळपास आडव्या, सरळ पट्टीसारखा दिसतो, तर डग्ग्याचा आघात वर वळलेल्या कमानीसारखा. मागे तानपुरा किंवा हार्मोनियम मोठ्याने वाजत असेल तर मात्र या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि चित्राचा उपयोग कमी होतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न अभंगांच्या ध्वनिमुद्रणांत अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे तबला आणि पखवाज अनेकदा एकत्र वाजतात आणि जोडीला टाळ असतात. टाळांचा धातूचा आवाज वरचा सगळा पट्टा व्यापतो; ‘ना’चा टणत्कार आणि तळव्याचा ‘थप्’ दोन्ही त्याखाली दबतात. अशा वेळी ओळ संपून गायक थांबतो ती जागा शोधावी. तिथे टाळ क्षणभर विरळ होतात आणि खर्जाचे शेपूट ऐकू येते: वळणारा घुमारा वेगळा काढता आला की उरलेला, जागेवर ठाम असलेला खर्ज पखवाजाचा असतो. दिंडीत गळ्यात अडकवून वाजवलेल्या पखवाजाचा भजनी ठेका ध्रुपदाच्या साथीपेक्षा चपळ आणि हलका असतो, त्यामुळे ‘पखवाज म्हणजे संथ आणि गंभीर’ ही समजूत तिथे टिकत नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे ज्या तबल्याने पखवाजाची चाल उचलली आहे, तो तबला. दिल्लीचा बाज दोन बोटांचा आणि किनारीचा म्हणून चटकन ओळखू येतो, पण लखनौ, फर्रुखाबाद, बनारस या पूरब अंगाच्या घराण्यांत उघडा हात, शाईवरचे मोठे बोल आणि परणांसारख्या रचना भरपूर आहेत. ‘धिरधिर’ तर तळव्याच्या दोन भागांनीच वाजतो. बनारसच्या तबल्याचा एखादा जोरकस तुकडा सुटा ऐकला तर अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो. तिथे तुकडा संपून ठेका पुन्हा सुरू होईपर्यंत वाट पाहावी. ठेक्यात ‘ना’ आणि मींड परत येतात. पंजाबातल्या गुरबाणी कीर्तनात वाजणारी ‘जोडी’ मात्र ही सोयही ठेवत नाही. तिची दोन भांडी तबल्यासारखी वेगळी असतात, पण डाव्याला पखवाजासारखी ओली कणीक लावतात आणि हात उघडा पडतो. खर्ज स्थिर, थाप रुंद, बोल जड. ऐकून पखवाजच वाटावा. पुड्या एकाच खोडाने जोडलेल्या नाहीत, एवढाच फरक उरतो, आणि तो बहुतेक ध्वनिमुद्रणांत कानाला पकडता येत नाही. अशा वेळी कीर्तन कोणत्या परंपरेतले आहे आणि गायले जाते आहे ते काय, हे पाहूनच वाद्याचे नाव लिहावे.